छायाचित्र समीक्षा: कोल्हापुरातल्या गंगावेशीचा दूध कट्टा, संध्याकाळ

या फोटोत सगळ्यात आधी डोळा जातो तो चौकडीवर. कट्ट्यावर उभ्या असलेल्या बाईंच्या अंगावरच्या जांभळ्या इरकली लुगड्यात बारीक चौकडी आहे आणि त्यावर घातलेल्या निळ्या फुल शर्टाची चौकडी चांगली बोटभर रुंद. एकाच आकृतीची दोन मापं एकमेकांना खेटून आली आहेत, आणि त्यांच्या मधून लाल टोपपदराची तिरकी पट्टी खांद्यावरून कमरेपर्यंत उतरते. त्या लाल पट्टीमुळे दोन चौकड्या एकमेकींत मिसळत नाहीत. शर्टाच्या बाह्या दोन घड्या घालून कोपराखाली आणल्यात, त्यामुळे बांगड्या आणि मनगट मोकळं दिसतं. चित्राची खरी श्रीमंती इथेच आहे. तू ती पाहिलीस आणि थांबलास, हे मला या फोटोत सर्वांत आवडलं.

उजेडही तू बरोबर पकडलास. सूर्य कलल्यावरचा, बाजूने येणारा मऊ उजेड शर्टाच्या सुती कापडावर आणि लुगड्याच्या काठावर वेगवेगळा पडलाय. शर्ट उजेड पितो, काठाचं रेशीम तो परत फेकतं. कापडाचा पोत बोटाला लागेल असा दिसतो. भर दुपारी काढला असतास तर जांभळा काळाच पडला असता.

आता जिथे फोटो कमी पडतो तिथे येतो, आणि इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या खर्ड्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: "लुगड्यावर शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट विजोड दिसतात." मग ते खोडलं. फोटो पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की बुटाचा पांढरा सोल आणि टोपपदरावरची पांढरी नक्षी हे चौकटीतले दोनच शुभ्र भाग आहेत. एक वर, एक खाली. ते एकमेकांना बांधून ठेवतात. विजोड वाटलं ते माझ्या सवयीच्या डोळ्याला. चित्रात ते जुळलेलंच होतं. आणि नेमकी हीच जोडी तू तोडलीस. डाव्या बुटाचा पुढचा भाग खालच्या कडेवर कापला गेलाय, आणि वर मात्र दुकानाच्या पाटीला चौकटीचा जवळजवळ पाचवा हिस्सा दिलाय. पेहराव हाच विषय असताना पाय कापायचे असतील तर त्याला कारण हवं. इथे ते दिसत नाही. जे चौकटीत आलंच नाही ते नंतर क्रॉप करून परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. फोटोत या बाई बुटक्या दिसतात, डोकं मोठं आणि पाय आखूड. हे त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. तू उंच आहेस, मोबाइल स्वतःच्या डोळ्यांसमोर धरलास आणि तीन-चार फुटांवरून खाली झुकवलास. मोबाइलची मुख्य लेन्स बऱ्यापैकी वाइड असते. जे जवळ ते मोठं, जे लांब ते लहान. म्हणून निऱ्या आवळल्यासारख्या झाल्या आणि काष्ट्याची सुंदर वळणदार घडी दिसेनाशी झाली. चार पावलं मागे सरकून मोबाइल कमरेच्या उंचीला धरला असतास, तर लुगड्याची पूर्ण लांबी त्याच्या खऱ्या मापात आली असती.

आणि ते शिंग. मागच्या म्हशीचं शिंग नेमकं त्यांच्या डोक्यामागून वर आलंय. माझ्या शेजारी बसून फोटो पाहणारा एकजण ते बघून हसला. तो म्हशीला हसला नाही, बाईंना हसला. त्यांनी काहीही केलेलं नसताना त्यांच्यावर हसू आणलं ते आपल्या उभं राहण्याने. अर्धं पाऊल डावीकडे सरकलं की शिंग खांद्याच्या बाहेर मोकळं पडतं, आणि म्हैसही चित्रात स्वतःच्या जागी उभी राहते. मला ही या फोटोतली सगळ्यात गंभीर चूक वाटते. पाय कापणं ही रचनेची चूक झाली. शिंगामुळे माणसाचं हसं होतं.

पोर्ट्रेट मोड पुढच्या वेळी बंद ठेव. हातातल्या पिवळ्या वायरच्या पिशवीचे वीणकामाचे डोळे बघ, अर्धे तीक्ष्ण आणि अर्धे पुसलेले आहेत. पदराची कडही मोबाइलने पार्श्वभूमी समजून खाल्ली. शिवाय मागे धार काढणारा गवळी, फेसाळ ग्लास आणि चरवी हे सगळं धूसर ढगात गेलं. समोर धार काढून तिथेच ग्लासात दूध मिळणारा कट्टा हीच या पेहरावाची जागा. ती पुसली की तोच पेहराव कुठल्याही गावच्या कुठल्याही भिंतीपुढचा होतो.

राहिलं शीर्षक. तू दिलंयस "शर्टातली आजी", आणि खाली "गरिबीतही जपलेली साधी फॅशन". फोटोत गरिबी कुठे आहे? मला चौकडीचा शर्ट दिसतो, स्वच्छ बूट दिसतात, नीट नेसलेलं नऊवारी दिसतं. शर्ट पतीचा की मुलाचा, की स्वतः लक्ष्मीपुरीतून विकत घेतलेला, तो उन्हासाठी घातला की आवडला म्हणून, हे चित्र सांगत नाही. "साधी" हाही निवाडाच आहे, कौतुकाच्या सुरात केलेला. दोन चौकड्या, एक लाल पदर आणि दोन पांढऱ्या खुणांचा हा मेळ मला तरी साधा वाटत नाही. आणि "आजी" हे नातं प्रत्यक्ष बोलताना गोड लागतं, पण शीर्षकात आलं की बघणारा आधी वय पाहतो, कपडे मागून. मी एवढंच लिहीन: "गंगावेस, संध्याकाळ. इरकली लुगडं, चौकडीचा शर्ट, कॅनव्हासचे बूट."

त्या थेट लेन्सकडे बघतायत, पिशवी सावरून दोन्ही पायांवर उभ्या राहिल्यात. म्हणजे तू विचारून काढलास असं मी धरून चालतो. ती नजर फोटोत हवीच होती. चोरून काढलेल्या फोटोत कापड येतं, पण ते घालून मिरवणारं माणूस येत नाही.

एक सुचवतो. न्यूयॉर्क टाइम्ससाठी कित्येक दशकं सायकलवर फिरून रस्त्यावरचे कपडे टिपणारे बिल कनिंगहॅम २०१६ साली गेले. एकच कपडा वेगवेगळ्या माणसांनी कसा घातलाय, हे ते आपल्या पानावर शेजारी शेजारी फोटो लावून दाखवत. तसे लुगड्यावरच्या शर्टाचे चार-पाच फोटो तू कर. कट्ट्यावर, कपिलतीर्थ मंडईत, सकाळच्या एसटीत हा पेहराव भेटतो. कुणी बटणं गळ्यापर्यंत लावतं, कुणी पुढून उघडा ठेवतं, कुणी पदर शर्टाच्या वरून घेतं तर कुणी आतून. शेजारी शेजारी लावल्यावर ही एक पक्की पद्धत आहे हे आपोआप दिसेल, आणि एकट्या बाईंवर "वेगळी" हा शिक्का बसणार नाही.

हा फोटो तोपर्यंत असाच भिंतीवर लावू नये असं माझं मत आहे, ते शिंगामुळे. जाशील तेव्हा याची एक प्रिंट, पाटीचा वरचा भाग कापून, त्यांच्यासाठी घेऊन जा. पुन्हा उभ्या राहायला तयार असतील तर त्याच वेळेला, त्याच बाजूच्या उजेडात, कमरेच्या उंचीवरून काढ. आणि खालच्या कडेला बुटांखाली चार बोटं जमीन सोड.