अण्णा गेले, सुजाता

प्रिय सुजाता,

अण्णा गेल्याचं कळलं. "सावत्रच ना" असं कुणी म्हणालं, तर तुझं दुःख कमी मानू नकोस. तू सहावीत असल्यापासून फी भरणारे, तापात उशाशी बसणारे तेच होते. आमच्यासाठी ते तुझे वडीलच.

दहाव्याला रामकुंडावर पिंडदान कोण करणार, यावरून घरात बोलणं निघेल. तुला करायचं असेल तर गुरुजींना आधीच सांग. मुलींच्या हातून विधी करून घेणारे गुरुजी पंचवटीत आहेत, आम्ही गाठ घालून देतो.

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात गेले, म्हणजे नोंद तेच कळवतील, पण नावाचं स्पेलिंग आधारशी जुळवून बघ. तिथे चूक झाली की बँकेत अडतं. दाखल्याच्या पाच-सहा प्रती घे. आणखी एक, आत्ता नको वाटलं तरी: हिंदू वारसा कायद्यात सावत्र मुलगी सावत्र वडिलांची आपोआप वारस होत नाही. त्यामुळे मृत्युपत्र आणि नॉमिनेशनचे कागद आईंना विचारून जपून ठेव.

तेराव्यापर्यंत दोन्ही वेळचा डबा आमच्याकडून येईल. फोन उचलला नाहीस तरी चालेल.

तुझ्या जुन्या ऑफिसातले आम्ही सगळे, नाशिक