घनाच्या कडांवर बारा रोधक: समोरासमोरच्या कोपऱ्यांमधला परिणामी रोध

प्रश्न: प्रत्येकी १ किलोओहमचे १२ रोधक घनाच्या १२ कडांवर एकेक बसवले आहेत. घनाच्या पोटातून जाणारा कर्ण ज्या दोन कोपऱ्यांना जोडतो, त्यांच्यामधला परिणामी रोध काढा. त्याच कोपऱ्यांना ५ व्होल्टचा पुरवठा जोडला तर प्रत्येक रोधकातून किती विद्युतधारा जाईल?

उकल

किर्चहॉफचे नियम थेट लावले तर १२ अज्ञात विद्युतधारांची समीकरणे मांडावी लागतात. ती सुटतात, पण पानभर गणित करून शेवटी कळते की त्या बारांपैकी वेगळ्या किमती फक्त दोनच होत्या. हे आधीच ओळखायचे असेल तर आकृतीकडे नीट पाहायला हवे.

कोपऱ्यांना नावे देऊ. विद्युतधारा जिथून आत येते तो कोपरा अ, जिथून बाहेर पडते तो ज्ञ. अ ला लागून असलेले तीन कोपरे क, ख, ग. ज्ञ ला लागून असलेले तीन च, छ, ज. मधल्या सहा कडा अशा: क–च, क–छ, ख–छ, ख–ज, ग–ज, ग–च. क, ख, ग यांच्यात आपापसात एकही कड नाही, तशीच च, छ, ज यांच्यातही नाही. कागदावर घन तिरका काढला की हे नजरेतून निसटते. म्हणून कडांची यादी आधी लिहावी आणि ३ + ६ + ३ = १२ हा मेळ बसतो का ते पाहावे.

आता घन अ आणि ज्ञ या दोन टोकांना चिमटीत धरा आणि त्या अक्षाभोवती १२० अंश फिरवा. क च्या जागी ख येतो, ख च्या जागी ग, ग च्या जागी क. च, छ, ज यांचेही तसेच. सगळे रोधक सारखे असल्याने फिरवण्याआधीचे आणि नंतरचे मंडल यांत काहीच फरक नाही. दिलेल्या मंडलाला विभवांचे उत्तर एकच असते. त्यामुळे क, ख, ग या तिघांचे विभव समान असलेच पाहिजे, आणि च, छ, ज यांचेही. ही अटकळ नाही, सिद्धता आहे. उत्तरपत्रिकेत नुसते ‘सममितीने’ असे न लिहिता हे फिरवणे एका वाक्यात लिहावे.

समान विभवाचे बिंदू तारेने जोडले तर तारेतून काहीच वाहत नाही, म्हणजे मंडल बदलत नाही. क, ख, ग एकत्र जोडा. च, छ, ज एकत्र जोडा. उरतात तीन गट: पहिल्यात ३ रोधक समांतर, मधल्यात ६ समांतर, शेवटच्यात ३ समांतर, आणि हे तिन्ही गट एकसर.

```
R/3 + R/6 + R/3 = 5R/6
R = 1000 Ω  →  833.3 Ω
```

विद्युतधारेच्या वाटेनेही हेच येते. I ही धारा अ पाशी तीन वाटांनी विभागते, प्रत्येकीत I/3. क पाशी ती पुन्हा दोन वाटांत जाते, I/6. च पाशी मात्र क कडून आणि ग कडून आलेल्या दोन धारा एकत्र येतात, म्हणून शेवटच्या कडेत परत I/3. हमखास चूक होते ती इथेच: विभागणी लक्षात राहते, मिळणी राहत नाही, आणि शेवटच्या कडेला I/6 लावून 2R/3 असे उत्तर येते. ताळा सोपा आहे. ज्ञ पाशी पोहोचणाऱ्या तीन धारांची बेरीज I आलीच पाहिजे.

५ व्होल्टला आकडे फार सुबक पडतात. एकूण धारा ६ मिलीअँपिअर. टोकांच्या सहा कडांत २ मिलीअँपिअर, मधल्या सहांत १ मिलीअँपिअर. ज्ञ चे विभव शून्य धरले तर अ ५ व्होल्टवर, क, ख, ग ३ व्होल्टवर आणि च, छ, ज २ व्होल्टवर. शक्तीनेही पडताळून घ्या: टोकांच्या कडांत प्रत्येकी ४ मिलीवॅट, मधल्यांत १; म्हणजे २४ + ६ = ३० मिलीवॅट, आणि पुरवठ्याकडूनही ५ × ६ = ३० च.

बाराही रोधक सारखे असणे मात्र गरजेचे नाही. अ ला लागलेले तिन्ही P, मधले साही Q आणि ज्ञ ला लागलेले तिन्ही S असतील तरी १२० अंशांचे फिरवणे चालते आणि उत्तर P/3 + Q/6 + S/3 येते. एका गटातला एकच रोधक वेगळा असला की ही वाट बंद.

प्रत्यक्ष घन बांधताना

पाव वॅटचे, १ टक्का अचूकतेचे १ किलोओहमचे रोधक घ्या. पाच पट्ट्या असतील तर रंग तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी. १० ओहमचे घेतले तर मल्टीमीटरच्या तारांचा रोध मोजणीत जाणवण्याइतका मिसळतो. १ मेगओहमचे घेतले तर दोन्ही टोके बोटांनी धरताच शरीराचा रोध समांतर येऊन वाचन घसरते. आधी दोन चौकोन सोल्डर करा, मग चार उभे रोधक. प्रत्येक कोपऱ्यात बरोबर तीनच तारा आल्या पाहिजेत. रोध मोजताना पुरवठा काढलेला हवा.

वाचन ८२५ ते ८४२ ओहमच्या आत आले तर घन ठीक आहे. ७५० आले तर घन बिघडलेला नाही, टोके एकाच पृष्ठाच्या कर्णावर लागली आहेत. ५८३ आले तर ती एकाच कडेच्या दोन टोकांवर आहेत. हा ५८३ पुष्कळांना घाबरवतो: एखादा रोधक तपासायला म्हणून त्याच्या दोन टोकांना मीटर लावला की १,००० ऐवजी ५८३ दिसतो आणि चांगला रोधक उपटला जातो. त्याला उरलेले अकरा रोधक समांतर आहेत, म्हणून ते वाचन 7R/12 च यायचे.

अ आणि ज्ञ मध्ये साधारण १,१०० ओहम आले तर टोकाकडच्या एका कडेचा सांधा सुटला आहे. ९०० आले तर मधल्या कडेचा. टोकाच्या कडेतून दुप्पट धारा जाते, म्हणून तिचे तुटणे जास्त जाणवते: वाढ २६७ ओहम, मधल्या कडेची ६७, म्हणजे धारेच्या वर्गाच्या प्रमाणात चौपट. नेमकी कोणती कड ते शोधायला मीटर एकेका कडेच्या दोन कोपऱ्यांवर लावत जा. टोके रोधकाच्या तारेवर न टेकवता कोपऱ्यातल्या इतर दोन तारांच्या सांध्यावर टेकवा. धड कडांवर ५८३ च्या आसपास किंवा थोडे जास्त वाचन येईल. सुटलेल्या कडेवर १,४०० दिसेल. तो सांधा पुन्हा तापवून घ्या.