अपघात अहवाल: लॅट पुलडाउन मशीनची केबल तुटून सदस्य जखमी

प्रति,
मा. संचालक मंडळ

शाखा: मारुती मंदिर, रत्नागिरी
घटना: मंगळवार, 15 जुलै 2025, सकाळी 6 वाजून 52 मिनिटे
अहवालाची तारीख: 17 जुलै 2025
मशीन: क्र. 4, लॅट पुलडाउन (वजनाचा स्टॅक 90 किलो)

सर्व संचालकांस सविनय नमस्कार.

मंगळवारी सकाळी लॅट पुलडाउनची केबल बारच्या फिटिंगजवळ तुटली आणि सदस्य क्र. 618 या जखमी झाल्या. त्यांच्या डाव्या भुवईच्या वर पाच टाके पडले असून डाव्या मनगटाच्या हाडाला बारीक तडा गेला आहे. सीटी स्कॅन नॉर्मल आला. काल, 16 तारखेला दुपारी त्यांना घरी सोडले. प्लास्टर चार आठवडे राहील. त्या माध्यमिक शाळेत शिकवतात आणि 2022 पासून आपल्या सदस्य आहेत.

हा अहवाल मी ड्युटीवरील ट्रेनर, शेजारच्या बाकावरील एक सदस्य आणि स्वतः जखमी सदस्य यांच्या सांगण्यावरून, सीसीटीव्हीचे चित्रण पाहून आणि तुटलेली केबल हातात घेऊन तपासून लिहिला आहे. खांब आडवा येत असल्यामुळे चित्रणात वरची पुली दिसत नाही. बसलेल्या मॅडम, बार आणि वजनाच्या प्लेटा मात्र स्पष्ट दिसतात.

काय घडले

मॅडमचा तिसरा सेट चालू होता. पिन पाचव्या प्लेटवर होती, म्हणजे 25 किलो. मांड्या रोलरखाली नीट अडकवलेल्या होत्या आणि बार छातीकडे ओढला जात होता. बार कपाळाच्या उंचीवर आला असताना केबल तुटली. वरचा ताण अचानक गेल्याने हात बारसकट खाली आणि अंगाकडे आले आणि बारचे वाकडे टोक डाव्या भुवईवर आदळले. मांड्या रोलरखाली अडकलेल्या असल्याने त्यांना बाजूला होता आले नाही. कमरेपासून वरचे अंग मागे डावीकडे गेले आणि मनगट शेजारच्या डंबेल रॅकच्या कडेवर आपटले. वर उचललेल्या प्लेटा त्याच वेळी खाली पडल्या. तो आवाज रिसेप्शनपर्यंत आला.

मॅडमचे म्हणणे मी त्यांच्याच शब्दांत देतो: "मी काही झटका दिला नव्हता. नेहमीसारखाच ओढत होते. वर कट् असा आवाज आला आणि डोळ्यासमोर रक्तच आलं."

ट्रेनर तीन-चार पावलांवर होते. त्यांनी मॅडमना उठवले नाही, डोके आणि मान हलू दिली नाही आणि जखमेवर गॉज दाबून धरला. नाव, वार, कुठे आहात हे विचारले. उत्तरे बरोबर आली. 6.54 ला रिसेप्शनवरून 108 ला फोन झाला आणि 7.12 ला रुग्णवाहिका आली. दरम्यान एका सदस्याने आपल्या गाडीतून नेण्याची तयारी दाखवली होती. डोक्याला मार आणि मान दुखत असल्याची तक्रार असल्यामुळे ट्रेनरने थांबायचे ठरवले. माझ्या मते तो निर्णय योग्य होता आणि त्यांची नोंद कौतुकाने घ्यावी. प्रथमोपचार पेटीत गॉज आणि चिकटपट्टी होती. बर्फ मात्र नव्हता, तो खालच्या रसवंतीवाल्याकडून आणावा लागला.

मी 7.05 ला पोहोचलो आणि मॅडमसोबत रुग्णालयात गेलो. त्यांच्या यजमानांना 7 वाजता कळवले होते. रुग्णालयाने मेडिको-लीगल केस म्हणून नोंद केली आणि पोलिसांनी दुपारी मॅडमचा, संध्याकाळी ट्रेनरचा जबाब घेतला.

केबल का तुटली

आपल्या केबलमध्ये आत पोलादी तारांचा पीळ आणि बाहेर प्लास्टिकचे आवरण असते. टोकाला धातूची नळी दाबून बसवलेली असते आणि त्या फिटिंगला कॅराबिनर आणि बार लागतो. केबल तुटली ती या फिटिंगच्या वर साधारण तीन सेंटिमीटरवर. केबल सर्वात जास्त थकते ती इथेच. बार सोडला की लोंबकळतो, हेलकावतो आणि दर वेळी फिटिंगच्या तोंडाशी केबल वाकते. एकेक तार आतल्या आत तुटत जाते, बाहेरून मात्र आवरण धड दिसते.

तुटलेल्या टोकाकडे भिंगातून पाहिले तर तारा दोन प्रकारच्या दिसतात. काही तारांची टोके चमकदार आहेत, त्या मंगळवारी तुटल्या. बहुसंख्य तारांची टोके तपकिरी, गंजलेली आहेत. त्या आधीच तुटलेल्या होत्या, कारण ताज्या तुटलेल्या पोलादावर तासाभरात असा गंज चढत नाही. म्हणजे 25 किलोचे वजन उरलेल्या मूठभर तारांवर होते. त्या दिवशी त्या जागी कोणीही बसले असते तरी हेच झाले असते. आधी संध्याकाळच्या बॅचची मुले याच मशीनवर 60-70 किलो लावत होती, हे लक्षात घ्यावे.

वरची पुली बेअरिंग जाम झाल्याने नीट फिरत नव्हती. तिची खाच एका बाजूने झिजली आहे आणि केबल त्या कडेवर घासत होती. त्यात आपली हवा. खिडक्या समुद्राकडे आहेत, एसी रात्री बंद असतो आणि जून-जुलैत आरशांवरही ओल धरते. आवरणाला एकदा चीर पडली की खारी ओल आत शिरते आणि आतच राहते.

आता सर्वात गंभीर बाब. तुटलेल्या जागेवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली सापडली. टेप सोडवल्यावर खाली आवरणाला गोल चीर आहे. म्हणजे चीर कोणाच्या तरी नजरेस पडली होती आणि ती झाकली गेली. दोन्ही ट्रेनर सांगतात की 22 एप्रिलच्या सर्व्हिसिंगला एएमसीच्या तंत्रज्ञाने ती लावली. तंत्रज्ञ फोनवर म्हणतात की त्यांना आठवत नाही. त्या दिवशीच्या स्लिपवर मशीन क्र. 4 पुढे "केबल ओके, पुली ओके" लिहिले आहे आणि टेपचा उल्लेख नाही. टेप कोणी लावली याचा निष्कर्ष मी काढत नाही. पण ज्या केबलला टेप लावावी लागते ती केबल काढून टाकायची असते, याबद्दल दुमत नसावे. मशीनसोबतच्या पुस्तिकेत वर्षातून एकदा केबल बदलावी असे छापलेले आहे. आपल्या बिलांप्रमाणे ही केबल मार्च 2023 मध्ये बसवली होती.

8 जुलैला सकाळच्या ट्रेनरने रजिस्टरमध्ये "लॅट मशीन, वर आवाज येतो, अडखळते" असे लिहिले. एएमसीला दुसऱ्या दिवशी कळवले. पाऊस आणि आंबा घाटातली वाहतूक यांमुळे कोल्हापूरहून 16 तारखेनंतर येऊ, असे उत्तर आले. तोवर मार्गदर्शक दांड्यांना सिलिकॉन स्प्रे मारला, आवाज कमी झाला आणि मशीन चालू राहिले. शिडी लावून वरची पुली कोणी पाहिली नाही. नोंद झाल्यावर मशीन बंद करण्याचा अधिकार ट्रेनरला आहे, असे आपल्या कोणत्याही लेखी सूचनेत नाही. तो असता तर ही केबल 8 तारखेलाच उतरली असती.

बाकीची मशीन

मंगळवारी दुपारी मी आणि दोन्ही ट्रेनरनी उरलेली पाच केबल मशीन तपासली. सीटेड रोच्या खालच्या पुलीजवळ आवरण फुगले आहे आणि वाकवल्यावर आतून करकर लागते. क्रॉसओव्हरच्या उजव्या केबलमधून दोन तारा बाहेर आल्या आहेत. बाकी तिघांत वरकरणी दोष दिसला नाही, पण मशीन क्र. 4 चेही एप्रिलमध्ये असेच लिहिले होते. त्यामुळे पाचही बंद केली आहेत. हँडल, बार आणि सिलेक्टर पिना काढून माझ्या कपाटात कुलपात ठेवल्या आहेत. तुटलेली केबल, टेप, पुली आणि बार वेगवेगळ्या पिशव्यांत सीलबंद आहेत. सीसीटीव्हीची प्रत दोन ठिकाणी ठेवली आहे. त्यांना कोणी हात लावू नये, विशेषतः एएमसीच्या माणसांनी.

मॅडमच्या बाबतीत

मंगळवारी रात्री फोनवर मला दोन गोष्टी सुचवण्यात आल्या. एक, अहवालात "सदस्याने झटका दिल्याने" असा उल्लेख करावा. दोन, "माझी काही तक्रार नाही" असे पत्र मॅडमकडून घ्यावे आणि मगच रुग्णालयाचे बिल भरावे.

पहिली गोष्ट खरी नाही. चित्रणात हालचाल संथ आहे, वजन स्टॅकच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी आहे आणि गंजलेल्या तारा समोर आहेत. मी तसे लिहिणार नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल, असे पत्र मी घेतलेले नाही आणि घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्लास्टरमधल्या हाताच्या माणसासमोर बिलाच्या बदल्यात कागद ठेवणे योग्य नाही. सदस्यत्वाच्या फॉर्मवर "दुखापतीची जबाबदारी सदस्याची" अशी ओळ आहे, तिचाही आधार इथे घेऊ नये. ती ओळ स्वतःच्या व्यायामातल्या चुकीसाठी समजता येईल. आपण दिलेले मशीन तुटले तर ते सेवेतील त्रुटी ठरते, आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मॅडम आपल्या ग्राहक आहेत.

काल संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "आत्ता तिथे दुसरं कोणी बसत नाहीये ना?" त्यांना तसे आश्वासन देऊन आलो आहे. ते खोटे ठरू नये ही माझी जबाबदारी आहे आणि आपलीही.

मंजुरीसाठी

रुग्णालयाचे 31,400 रुपयांचे बिल, पुढच्या तपासण्या आणि प्लास्टर काढेपर्यंतचा औषधखर्च बिनशर्त द्यावा. बिल शाखेच्या खात्यातून भरले आहे, त्याला कार्योत्तर मंजुरी हवी.

सहाही मशीनच्या सगळ्या केबल आणि झिजलेल्या पुल्या एकाच वेळी बदलाव्यात. उत्पादकाच्या मुंबईतील विक्रेत्याने 46,000 रुपयांचे दरपत्रक दिले आहे. स्थानिक दुकानात हेच काम निम्म्या किमतीत होते, पण तिथे टोकाची नळी हाताच्या पकडीने दाबतात. ते मला मान्य नाही.

सध्याच्या एएमसीला पुढील हप्ता देऊ नये आणि त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवावा.

आजपासून मी शाखेत एक सूचना लागू केली आहे: आवाज, अडखळणे, आवरणाला चीर किंवा टेप यांतले काहीही दिसले की ट्रेनरने पिन काढून मशीन बंद करायचे, कोणालाही न विचारता. दर सोमवारी शिडीवर चढून वरच्या पुल्या आणि फिटिंगची टोके बोटांनी चाचपून पाहायची आणि पाहणाऱ्याने सही करायची. ही सूचना दुसऱ्या शाखेतही लागू व्हावी. तिथली मशीन त्याच वर्षीची आहेत आणि एएमसीही तीच आहे. तिथल्या केबल आजच पाहायला सांगावे.

विमा कंपनीला 15 तारखेलाच ईमेलने कळवले असून त्यांचे सर्वेक्षक शनिवारी, 19 जुलैला सकाळी 11 वाजता येणार आहेत. त्यांच्याआधी, म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत, वरील मंजुरी मिळावी. केबल मशीन तोवर आणि नवीन केबलची चाचणी होईपर्यंत बंदच राहतील.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, मारुती मंदिर शाखा

सोबत: सर्व्हिस स्लिप (22 एप्रिल), रजिस्टरच्या 8 जुलैच्या पानाची प्रत, केबलची 9 छायाचित्रे, रुग्णालयाचे बिल, दरपत्रक