लॅब टेक्निशियनच्या जागेसाठी अर्ज

दि. १२ ऑगस्ट २०२५
मिरज

प्रति,
पॅथॉलॉजिस्ट व संचालक,
डायग्नोस्टिक सेंटर, विश्रामबाग, सांगली

विषय : मेडिकल लॅब टेक्निशियन पदासाठी अर्ज

आदरणीय मॅडम,

सेंटरच्या काचेवर लावलेली जाहिरात पाहून शनिवारी मी बायोडाटा द्यायला आले होते. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "नुसता बायोडाटा ठेवून जाऊ नका. कुठल्या टेस्ट करता, कुठली मशीन येतात आणि कुठल्या पाळ्या जमतील, हे मॅडमना लिहून द्या." म्हणून हे पत्र.

मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करून २०१७ साली डीएमएलटी केलं. महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेची नोंदणी आहे, तिची प्रत सोबत जोडली आहे. गेली आठ वर्षं मिरजेतच काम करते आहे. पहिली दोन एका छोट्या लॅबमध्ये गेली आणि त्यानंतर आजपर्यंत साठ खाटांच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिथे रोज ऐंशी ते शंभर पेशंटचे सॅम्पल येतात. बेंचवर आम्ही दोघं असतो, रात्री एकच.

हातातलं काम सांगायचं तर हिमॅटॉलॉजी सगळ्यात पक्की. सीबीसी, वेस्टरग्रेन पद्धतीने ईएसआर, रेटिक काउंट, लेशमन स्टेन करून स्मिअर, मलेरियाचे पॅरासाइट. ब्लड ग्रुप फॉरवर्ड-रिव्हर्स दोन्ही लावते. नुसता फॉरवर्ड करून रिपोर्ट सोडत नाही. पीटी-आयएनआर आणि एपीटीटी रोजचंच आहे. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरली नसेल तर सॅम्पल परत मागवते, त्यावरून वॉर्डातल्या सिस्टर माझ्यावर थोड्या नाराज असतात. बायोकेमिस्ट्रीत शुगर, केएफटी, एलएफटी, लिपिड, इलेक्ट्रोलाइट, कॅल्शियम, अमायलेज, एचबीए१सी. ऑक्टोबर छाटणीनंतर तासगावकडे द्राक्षबागांत फवारण्या सुरू झाल्या की औषध अंगावर गेलेले पेशंट येतात, त्यांचं कोलिनएस्टरेजही मीच करते. सेरॉलॉजीत विडाल, सीआरपी, आरए फॅक्टर, डेंग्यू एनएस१ व आयजीएम, एचबीएसएजी, एचआयव्ही, एचसीव्ही. थायरॉईड टेस्ट, युरिन रुटीन, सिमेन अ‍ॅनालिसिस आणि थुंकीची झेडएन तपासणीही करते.

जे येत नाही तेही आत्ताच सांगते. कल्चरमध्ये प्लेटिंग आणि ग्राम स्टेनपर्यंत हात बसलाय, पण सेन्सिटिव्हिटी वाचून स्वतंत्र रिपोर्ट दिलेला नाही. हिस्टोपॅथॉलॉजीत फक्त सॅम्पल घेऊन नोंद करण्याचं काम केलंय. कोविडच्या काळात स्वॅब भरपूर घेतले, आरटी-पीसीआर मात्र स्वतः चालवलेलं नाही.

मशीनपैकी सिसमेक्स केएक्स-२१ वर शिकले, आता मिंड्रे बीसी-५१५० वर काम करते. एर्बा केम-७ सेमी ऑटो आणि एक्सएल-२०० फुल्ली ऑटो, एचबीए१सीसाठी बायो-रॅड डी-१०, थायरॉईडसाठी कोबास ई४११. शिवाय इलेक्ट्रोलाइट अ‍ॅनालायझर, कोॲग्युलोमीटर आणि एलायझा रीडर. रोज सकाळी दोन लेव्हलचे कंट्रोल लावून एलजे चार्टवर मांडते. कंट्रोल बाहेर गेला तर तोच पुन्हा पुन्हा लावून आत आणण्याची सवय मला नाही. आधी रिएजंटची तारीख, मग प्रोब, मग कॅलिब्रेशन बघते. तुमच्या जाहिरातीत एनएबीएलचा उल्लेख आहे. आमच्याकडे ते मानांकन नाही, पण क्यूसीच्या, तापमानाच्या आणि क्रिटिकल रिपोर्ट फोनवर कळवल्याच्या वह्या मी रोज लिहिते. त्यामुळे कागदपत्रांचा धाक नाही.

जांभळ्या ट्यूबने मला दोनदा धडा दिलाय. पहिला धडा माझ्याच चुकीचा. नोकरीला चारच महिने झाले होते. केएफटीची ट्यूब कमी भरली म्हणून मी ईडीटीएमधलं थोडं रक्त त्यात ओतलं. पोटॅशियम आलं ९.४ आणि कॅल्शियम ३.८. मी रिपोर्ट तसाच सोडला. दहा मिनिटांत डॉक्टरांचा फोन आला, "पेशंट समोर बसून चहा पितोय, आणि तुम्ही हे काय पाठवलंय?" सीनिअर सरांनी फक्त ट्यूबवरची अक्षरं मोठ्याने वाचायला लावली : के-टू ईडीटीए. पोटॅशियम त्या ट्यूबमध्येच होतं, कॅल्शियम तिनेच धरून ठेवलं होतं. तेव्हापासून पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली असं एकत्र दिसलं की मी आधी सॅम्पल बघते.

दुसरा गेल्या ऑक्टोबरमधला. रात्री साडेअकराला तापाच्या एका मुलाची सीबीसी लावली, प्लेटलेट आल्या ३१ हजार. डेंग्यूचे दिवस, त्यामुळे नातेवाइकांनी प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी फोनाफोनीही सुरू केली होती. अंगावर पुरळ नाही, हिरड्यांतून रक्त नाही, एनएस१ निगेटिव्ह. मी त्याच ट्यूबचा स्मिअर काढला, तर शेपटीकडे प्लेटलेटचे घोसच्या घोस. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये नव्याने रक्त घेतलं, १ लाख ४७ हजार आल्या. सायट्रेटने रक्त पातळ होतं म्हणून १.१ ने गुणल्यावर सुमारे १ लाख ६२ हजार. रात्रीच्या डॉक्टरांना फोन केला आणि रिपोर्टवर तशी टीप लिहिली. त्या रात्री पिशवी चढवावी लागली नाही.

आता पाळ्यांचं. सकाळची सात ते तीन मला सगळ्यात सोयीची. मिरजेहून स्कूटरवर पावणेसातला पोहोचते. फास्टिंगच्या गर्दीची सवय आहे, "उपाशीच आहे, फक्त चहा घेतलाय" म्हणणाऱ्यांचीही. दुपारची एक ते नऊ आठवड्यातून तीन दिवस जमेल. रात्रपाळीबद्दल स्पष्ट लिहिते : माझे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत, त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते आणि मुलगी सहा वर्षांची आहे. त्यांची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात मी तीन रात्री करू शकते. त्यांचं महिन्याचं वेळापत्रक आधीच हातात येतं, ते मी २५ तारखेपर्यंत तुम्हाला देईन. रविवार महिन्यातून दोन चालतील. अडीअडचणीला थांबते, २०१९ च्या महापुरात सांगलीचे पेशंट मिरजेला येत होते, तेव्हा सलग दोन दिवस लॅबमध्येच होते. मिरज आणि विश्रामबाग भागातलं होम कलेक्शन सकाळी सहापासून करू शकते. लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या शिरा सापडतात. दोनदा टोचून नाही मिळाली तर तिसऱ्यांदा मी टोचत नाही, दुसऱ्याला बोलावते.

सध्याची नोकरी सोडण्याचं कारण भांडणाचं नाही. तिथे महिन्याला बारा रात्री लागतात, मुलगी पहिलीत गेल्यापासून ते झेपत नाही. सध्या हातात १९,५०० रुपये येतात, २४ हजारांची अपेक्षा आहे. एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल, त्यामुळे १५ सप्टेंबरपासून रुजू होऊ शकेन. हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस झालेले आहेत.

मुलाखतीआधी एखादी सकाळ मला बेंचवर उभं करून पाहिलंत तरी चालेल. मंगळवारी आणि गुरुवारी माझी दुपारपाळी असते, त्या दिवशी सकाळी मी कधीही येऊ शकते. फोन नंबर बायोडाटावर आहे. ड्यूटीवर मोबाईल लॉकरमध्ये असतो, म्हणून उचलला नाही तर मेसेज ठेवावा, मी परत फोन करीन.

आपली विश्वासू,
स्वाती माने

सोबत : बायोडाटा, बी.एस्सी. व डीएमएलटीची गुणपत्रके, पॅरावैद्यक परिषदेची नोंदणी, दोन्ही ठिकाणचे अनुभव दाखले, लसीकरणाचे कार्ड