रजा, ओव्हरटाइम आणि शिस्तभंगाची कारवाई
(मासळी प्रक्रिया विभाग, रत्नागिरी)

रजा: कामाच्या दर 20 दिवसांमागे 1 भरपगारी रजा जमा होते. शिल्लक किती आहे ते पगाराच्या स्लिपवर पाहा. गणपती आणि शिमग्याला सगळ्यांनाच घरी जायचं असतं, ते रास्तच आहे. म्हणून या दोन सणांचे अर्ज महिनाभर आधी द्या, म्हणजे पाळ्या लावता येतील. अचानक आजारपण आलं तर पाळी सुरू होण्याआधी सुपरवायझरला फोन करा. घरच्या कोणी केला तरी चालेल.

ओव्हरटाइम: बोटी उशिरा लागल्या की कोळंबी सोलायचं काम लांबतं. त्या जादा तासांना नेहमीच्या दराच्या दुप्पट मजुरी मिळेल. थांबायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. नाही म्हटलं म्हणून कारवाई होणार नाही. निघताना वहीत वेळ स्वतः पाहून मगच सही किंवा अंगठा करा. कोऱ्या रकान्यावर सही करू नका, कोणीही सांगितलं तरी.

शिस्तभंग: चोरी, मारामारी, दारू पिऊन कामावर येणं, न कळवता वारंवार गैरहजर राहणं हे गैरवर्तन आहे. आरोप लेखी, मराठीतच दिला जाईल. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. उत्तराला 7 दिवस मिळतील आणि चौकशीत सोबतीला एक सहकारी आणता येईल. चौकशीपुरतं निलंबन झालं, तर पहिले 90 दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळेल. तोंडी सांगून कोणालाही कामावरून काढता येणार नाही.