थालीपीठ क्लाउड किचन, कोथरूड : बिझनेस प्लॅनवरचा अभिप्राय

प्लॅन आणि एक्सेल शीट दोन्ही पाहिलं. पदार्थ आणि जागा यांबद्दल तक्रार नाही, आकड्यांबद्दल आहे.

चौथ्या महिन्यात रोज 150 ऑर्डर हा आकडा परिसरातल्या घरांच्या 1 टक्क्यावरून आलाय. तो खालून, तव्यापासून काढायला हवा. तुमच्या यादीत दोन तवे आहेत. एका तव्यावर एका वेळी एक थालीपीठ, 5 मिनिटं, ऑर्डरमागे दोन. म्हणजे दोन तव्यांवर तासाला 12 ऑर्डर, आणि गर्दीच्या 4 तासांत 48. तुमच्याच शीटप्रमाणे 65 टक्के ऑर्डर या वेळात येतात, तेव्हा दिवसाची कमाल 74. तिसरा तवा घेतलात तरी 110.

280 रुपये ही मेन्यूवरची किंमत आहे, हातात येणारी नाही. प्लॅनमध्ये 24 टक्के कमिशन आणि 84 रुपये कच्चा माल वजा करून 129 उरतात. पण तुमच्याच मार्केटिंगच्या पानावर ऑर्डरमागे सरासरी 40 रुपये सूट आहे, ती शीटमध्ये उतरलेली नाही. 240 वर कमिशन 57.60, त्यावर 18 टक्के जीएसटी 10.37. रेस्टॉरंटच्या 5 टक्के दरात इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणून हा जीएसटी सरळ खर्च. शीटमधली क्रेडिटची ओळ काढा. डबा, पिशवी, चमचा मिळून 18. राहिले 70. वाया जाणाऱ्या मालाचे 5 धरले की 65.

स्थिर खर्च 2.60 लाख दाखवलाय. किचन 30 दिवस चालू आणि माणसं 6, पण प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी आहे ना? 26 दिवसांच्या हिशेबाने सातवा माणूस लागतोच : 20 हजार. तुम्हा दोघांचा पगार शून्य लिहिलाय. वर्षभर घरखर्च कुठून चालणार हे गुंतवणूकदार पहिल्याच बैठकीत विचारतो. निदान 60 हजार धरा. अकाउंटंट आणि फ्रीज-चिमणीची दुरुस्ती 12 हजार. एकूण 3.52 लाख.

आता ब्रेक-इव्हन. तुमच्या हिशेबाने रोज 67 ऑर्डर, या हिशेबाने 180. किचनची कमाल 74. इथे प्लॅन अडतो. जाहिरात वाढवून हे सुटणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. 45 हजार भाड्यावर 6 महिन्यांचं डिपॉझिट, 2.70 लाख, रोख प्रवाहात नाहीच. दहाव्या महिन्यात 11 माणसं होतात, तिथे ईएसआयचा मालकाचा 3.25 टक्के वाटा जोडा.

सुधारित शीटमध्ये सूट काढून टाकलेला एक पर्याय आणि ऑफिसांना थेट, बिनकमिशनचा डबा हा दुसरा पर्याय वेगळा मांडा. डब्याची थालीपीठं सकाळी 9 ते 11 मध्ये, तवे रिकामे असताना लावता येतील. तिथला पोचवण्याचा खर्च मात्र तुमचा, तो विसरू नका.