परिपत्रक : सामायिक मेलबॉक्सची जबाबदारी, वर्गवारी आणि साप्ताहिक साफसफाई

दिनांक : २ जून २०२५
प्रति : विक्री, खरेदी, लेखा, पॅटर्न शॉप, मशीन शॉप आणि डिस्पॅच विभागांतील सर्व कर्मचारी, उद्यमबाग, बेळगाव
अंमल : सोमवार, ९ जूनपासून

मे महिन्यात पुण्याच्या एका ग्राहकाने पंप केसिंगच्या ड्रॉइंगमधील बदल orders या मेलबॉक्सवर कळवला होता. सकाळी एकाने तो मेल उघडला आणि फोन आल्यामुळे तसाच सोडला. नंतर आलेल्या दोघांना तो वाचलेला दिसला, म्हणून पॅटर्न शॉपला निरोप गेला असेल असे त्यांनी धरले, आणि जुन्या ड्रॉइंगप्रमाणे ओतलेले ३६ नग पुन्हा भट्टीत घालावे लागले. यात कोणा एकाला दोष देणे मला योग्य वाटत नाही. सामायिक मेलबॉक्समधील मेल एकाने उघडला की तो सर्वांनाच वाचलेला दिसतो, आणि ज्या मेलवर कोणाचेच नाव नाही तो सर्वांचा म्हणजे कोणाचाच नसतो. पुढील नियम मुख्यतः हीच उणीव भरून काढण्यासाठी आहेत.

प्रत्येक मेलबॉक्सला यापुढे एक जबाबदार व्यक्ती आणि एक पर्यायी व्यक्ती असेल. enquiry आणि orders यांची जबाबदारी विक्री विभागाच्या वरिष्ठ सहायकांकडे, purchase ची खरेदी अधिकाऱ्यांकडे आणि accounts ची लेखापालांकडे राहील. पर्यायी व्यक्तीचे नाव प्रत्येक विभागप्रमुखाने गुरुवार, ५ जूनपर्यंत प्रशासनाला लेखी कळवावे. सर्व मेलना स्वतः उत्तर देणे हे जबाबदार व्यक्तीचे काम नाही. सकाळी १० आणि दुपारी ३ वाजता मेलबॉक्स पाहून प्रत्येक नवा मेल कोणाच्या तरी नावावर टाकणे हे मात्र तिचेच काम आहे. रजेवर जाण्यापूर्वी पर्यायी व्यक्तीला प्रत्यक्ष सांगून जावे, केवळ रजेच्या अर्जावर विसंबू नये.

मेल कोणाकडे आहे हे कळण्यासाठी प्रत्येकाच्या नावाची एक कॅटेगरी आयटी विभाग तयार करून देईल, आणि कामाची स्थिती दाखवण्यासाठी ‘ग्राहकाकडे प्रलंबित’, ‘शॉपकडे प्रलंबित’ आणि ‘पूर्ण’ या तीनच कॅटेगरी राहतील. या कॅटेगरी मेलबॉक्स वापरणाऱ्या सर्वांना दिसतात, त्यामुळे स्वतःच्या सोयीसाठी नवे रंग वा नवी नावे कोणीही वाढवू नयेत. ड्रॉइंगमधील बदलाच्या मेलला मात्र ‘ड्रॉइंग बदल’ ही वेगळी लाल कॅटेगरी असेल, आणि पॅटर्न शॉपच्या प्रमुखांनी पोच दिल्याशिवाय ती काढता येणार नाही. मेल चुकून उघडला गेला आणि त्यावर काम करणे शक्य नसेल, तर तो पुन्हा न वाचलेला म्हणून ठेवावा.

आपल्याकडे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून मेल येतात. हेस्कॉमच्या वीजपुरवठा बंद ठेवण्याच्या सूचना किंवा सरकारी खात्यांची कन्नड पत्रे ‘नंतर कोणाकडून तरी वाचून घेऊ’ म्हणून बाजूला राहतात, आणि भट्टीच्या वेळापत्रकाला त्याचा थेट फटका बसतो. असे पत्र त्याच दिवशी कन्नड वाचता येणाऱ्या सहकाऱ्याच्या नावावर टाकावे. शिनोळीला मशीनिंगसाठी जाणाऱ्या मालाबद्दलचे मेल orders मध्ये न ठेवता लगेच accounts कडे पाठवावेत. अंतर थोडे असले तरी मधे राज्याची सीमा आहे, आणि जॉबवर्कसाठी परराज्यात जाणाऱ्या मालाला किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागते. गाडी गेटवर उभी राहिल्यावर ही धावपळ होऊ नये.

दर शुक्रवारी दुपारी ४ ते ४:४५ ही वेळ साफसफाईसाठी राखून ठेवली आहे, आणि पहिली साफसफाई १३ जूनला होईल. ‘पूर्ण’ झालेले मेल त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये हलवावेत. सात दिवसांहून अधिक काळ प्रलंबित असलेल्या मेलची यादी जबाबदार व्यक्तीने विभागप्रमुखांना द्यावी. ज्यावर कोणाचेच नाव नाही असा एकही मेल इनबॉक्समध्ये राहू नये. जाहिराती सोडल्यास काहीही डिलीट करू नये. आउटलुकमध्ये सामायिक मेलबॉक्समधून डिलीट केलेला मेल बहुधा डिलीट करणाऱ्याच्या स्वतःच्या डिलीटेड आयटम्समध्ये जातो, आणि मग इतरांनी कितीही शोधला तरी तो सापडत नाही. पाठवलेल्या उत्तरांचीही अशीच अडचण होती. ९ जूनपासून त्यांची प्रत सामायिक मेलबॉक्समध्येही राहील अशी व्यवस्था आयटी विभागाने केली आहे. त्यासाठी उत्तर देताना प्रेषक म्हणून सामायिक पत्ताच निवडावा.

जुन्या मेलचा साठा एका शुक्रवारात आवरणार नाही, याची मला कल्पना आहे. १ एप्रिलपूर्वीचे मेल आयटी विभाग स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवेल, म्हणून त्यांना कॅटेगरी लावत बसू नये. नियमांबाबत अडचण असल्यास शनिवार, ७ जूनला सकाळी ११ वाजता कॅन्टीनशेजारच्या खोलीत मी बसणार आहे; पॅटर्न शॉप आणि डिस्पॅचमधून प्रत्येकी एकाने तरी अवश्य यावे.

व्यवस्थापक, प्रशासन विभाग